सल्ला हवा: टेबल टेनिसमध्ये लाँग पिंपलसमोर माझी जड सर्व्हिस माझ्यावरच उलटते, ब्लेड बदलू का रबर?

अर्धाकट
तीन महिन्यांपूर्वी बॅट बदलली. आधी पाच प्लायचं साधं लाकडी ब्लेड होतं, आता कार्बनचं घेतलंय. दोन्ही बाजूंना इन्व्हर्टेड, म्हणजे गुळगुळीत रबर आणि स्पंज मॅक्स. माझं मुख्य हत्यार म्हणजे फोरहँडची जड बॅकस्पिन सर्व्हिस. बाकी सगळ्यांना ती नेटमध्ये घालायला लावते.

क्लबमध्ये एक काका आहेत, साठीच्या आसपासचे. त्यांच्या बॅकहँडला लाँग पिंपल, म्हणजे लांब मऊ दाण्यांचं रबर आहे. त्यांच्यापुढे माझी सर्व्हिस जितकी जड, तितका मी लवकर मरतो. ते पुश करतात. बॅट वरून खाली येताना मला स्वच्छ दिसते, म्हणजे कट, बॅकस्पिन असणार असं धरून मी पुश करतो आणि बॉल छातीएवढा वर उडतो. मग ते फोरहँडने मारून मोकळे. काल ११-४, ११-५, ११-३.

प्रश्न दोन. या कार्बनमुळे माझी स्पिन कमी झाली आहे का? आणि मीही बॅकहँडला लाँग पिंपल लावावं का?

ऑफप्लस
कार्बनमुळेच. बॉल ब्लेडवर थांबतच नाही, तर स्पिन कुठून येणार? परत लाकडी घ्या. आणि लाँग पिंपलला घर्षण नसतंच, ते तुमची स्पिन उलटी करून परत पाठवतं. त्यामुळे जास्तीत जास्त स्पिन द्या म्हणजे काकांना झेपणार नाही.

जुना चॉपर
ऑफप्लस, पहिली तीन वाक्यं बाजूला ठेवू, त्यावर नंतर बोलतो. चौथ्यात गोम आहे, आणि शेवटचा सल्ला ऐकला तर अर्धाकट ११-२ ने हरतील.

लाँग पिंपल स्पिन उलटी करत नाही. उलटी करतं ते तुमचं गुळगुळीत रबर. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून एक जुना बॉल घ्या आणि मार्करने अर्धा काळा करा. आता बॅकस्पिन सर्व्हिस करताना बॉलचा वरचा भाग तुमच्याकडे फिरतोय, बॉल मात्र समोर चाललाय. समोरच्याने इन्व्हर्टेडने पुश केला की रबर बॉलला पकडतं, त्याचं फिरणं थांबवतं आणि उलट दिशेने फिरवतं. म्हणून बॉल तुमच्याकडे येताना पुन्हा बॅकस्पिनच असते.

पिंपलवर काय होतं? लांब मऊ दाणे वाकतात, बॉल त्यांच्यावरून घसरतो, पकड मिळत नाही. बॉलची प्रवासाची दिशा उलटली, पण फिरण्याची दिशा तीच राहिली. वरचा भाग अजून तुमच्याकडेच फिरतोय, आणि आता बॉलही तुमच्याकडेच येतोय. याला आपण टॉपस्पिन म्हणतो. काकांनी काही केलं नाही, तुमचीच स्पिन तुम्हाला परत केली. थोडी वाटेत खर्च होते, म्हणून बहुतेक वेळा हलकी टॉपस्पिन किंवा जवळजवळ मेलेला बॉल येतो. त्याला तुम्ही बॅट उघडी करून खालून पुश केलात तर तो वर उडणारच.

आणि घर्षण अगदीच नसतं हेही आता खरं नाही. पूर्वी तशी रबरं मिळायची, पण २००८ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान घर्षणाची अट घातली आणि ती बाद झाली. आजच्या लाँग पिंपलने मेलेल्या बॉलला थोडा कट देता येतो. थोडाच.

अर्धाकट
म्हणजे त्यांची बॅट खाली येते ते नाटक?

जुना चॉपर
नाटक म्हणू नका, बॉल खाली ठेवायला तो हात लागतोच. पण त्या हातावरून स्पिन वाचायची नाही. लाँग पिंपलविरुद्ध स्पिन वाचायची ती तुमच्या स्वतःच्या आधीच्या फटक्यावरून. तुम्ही जड कट पाठवलात, तर येणारा बॉल हलकी टॉपस्पिन. तुम्ही जोरात लूप केलात, तर येणारा बॉल जड कट, आणि दुसरा लूप त्याच अँगलने केलात तर थेट नेटमध्ये. तुम्ही काहीच स्पिन दिली नाही, तर तिकडूनही फारसं काही येत नाही.

हा तिसरा प्रकार तुमच्या कामाचा. काकांच्या बॅकहँडला लांब, वेगवान, बिनस्पिनची सर्व्हिस द्या. परत येणाऱ्या बॉलला फार तर थोडा कट असेल. तो सरळ बॅटने, फार न घासता मारा. आणि जड सर्व्हिस दिलीच, तर पुढचा पुश विसरा. बॅट थोडी बंद करून पुढे ढकला. कटचा बॉल उचलतो तसा खालून घासत उचललात तर तो टेबलाबाहेर जाईल.

मीनल आई
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण पिंपलचाच. मुलगी १२ वर्षांची आहे, कोच तिच्या बॅकहँडला पिंपल लावा म्हणतात. वरचं वाचून घाबरले. तिला स्वतःची स्पिन देताच येणार नाही का मग? तिची बॅकहँड सर्व्हिस चांगली आहे.

लेफ्टी
मीनलताई, आधी कोचना विचारा, लाँग की शॉर्ट? दोन्ही अगदी वेगळी. शॉर्ट पिंपलचे दाणे बुटके आणि कडक असतात, वाकत नाहीत. त्यावर समोरच्याच्या स्पिनचा त्रास इन्व्हर्टेडपेक्षा कमी होतो आणि बॉल सपाट, लवकर जातो. जपानची मिमा इतो बॅकहँडला शॉर्ट पिंपलच वापरते. लाँग म्हणाले असतील तर आपल्या मनिका बत्राचा खेळ दाखवा तिला. तिच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं एकेरीचं सुवर्ण तिने त्याच बॅटने घेतलं.

सर्व्हिसचं म्हणाल तर शॉर्टने स्पिन कमी होते, नाहीशी होत नाही. आणि सर्व्हिसपुरती बॅट हातात फिरवून इन्व्हर्टेड बाजूने बॅकहँड सर्व्हिस करता येते. पुष्कळ जण तसंच करतात.

मीनल आई
शॉर्ट म्हणाले होते बहुतेक. विचारते. धन्यवाद.

ऑफप्लस
बरं, उलटी-सुलटीचं मान्य. पण कार्बनवर स्पिन कमी होते हे माझ्या अनुभवाचं आहे.

जुना चॉपर
अनुभव खोटा नाही, कारण वेगळं असावं. सर्व्हिसमध्ये तुम्ही बॉलला जेमतेम स्पर्श करता. बॉल स्पंजमध्ये धड रुततही नाही, लाकडापर्यंत जायचं तर दूरच. तिथे स्पिन देतं ते रबराचं वरचं पान, ते किती चिकट आणि किती स्वच्छ, आणि बॅटचं टोक किती वेगाने फिरलं ते. कार्बनवर तुमचा स्पर्श थोडा जरी जाड झाला की बॉल स्पिन घेण्याऐवजी वेग घेतो आणि लांब जातो. मग माणूस घाबरून हात आखडता घेतो आणि स्पिन खरंच कमी होते.

आवाजावरून कळतं. बारीक घासला तर जवळजवळ आवाज येत नाही. "टॉक" असा लाकडी आवाज आला तर बॉल आत गेला. अर्धाकट, एकट्याने टेबलावर करून बघा: छोट्या सर्व्हिसने पलीकडे दोन टप्पे पडले पाहिजेत, आणि चांगला कट असेल तर दुसऱ्या टप्प्यानंतर बॉल नेटकडे परत यायला लागतो. जुन्या ब्लेडवर दहातल्या किती परत यायच्या आणि नव्यावर किती येतात, मोजा.

लेफ्टी
इथे मी चॉपरांशी पूर्ण सहमत नाही. सर्व्हिसपुरतं ठीक. पण रिसीव्हला ब्लेडचा फरक मोठा पडतो. कार्बन आणि मॅक्स स्पंज असेल तर छोट्या सर्व्हिसवरचा पुश छोटा ठेवणं कर्मकठीण. मी स्पंज २.१ वरून १.८ ला आणला, ब्लेड तेच ठेवलं, आणि पुश टेबलावर राहायला लागला. कार्बन लाकडाच्या गाभ्याशेजारी असलेली ब्लेडं हळू फटक्याला बरीच लाकडासारखी वाटतात, असंही माझं मत आहे.

जुना चॉपर
रिसीव्हचं खरं आहे. स्पंज की ब्लेड यावर मात्र मी पैज लावणार नाही, तुम्ही दोन्ही एकदम बदलली नाहीत म्हणून तुम्हाला कळलं तरी.

अर्धाकट
मोजलं. जुन्या बॅटने दहातल्या सहा परत आल्या, नव्याने दोन. आणि हो, "टॉक" येतोय. पण जुन्या बॅटचं रबर वेगळं होतं, त्यामुळे फक्त ब्लेडवर खापर फोडता येत नाही.

मग बिनस्पिनची सर्व्हिस ओळखू न येता कशी द्यायची? हात वेगळा फिरला तर काका ओळखतील.

जुना चॉपर
हात वेगळा फिरवू नका. तोच हात, तोच वेग. कट द्यायचा तेव्हा बॉल बॅटच्या टोकाजवळ घासा, बिनस्पिन द्यायची तेव्हा मुठीजवळ घ्या. मनगट फिरतं तेव्हा टोक सगळ्यात जोरात पळतं आणि मुठीजवळचा भाग जेमतेम हलतो. समोरून दोन्ही सारखंच दिसतं. आठवडाभर नुसतं एवढंच करा.

लाँग पिंपल स्वतः लावण्याबद्दल: तुमचा खेळ सर्व्हिस आणि त्यामागच्या पहिल्या फटक्याचा आहे. बॅकहँडला पिंपल आलं की त्या बाजूने पुढाकार घेणं जवळजवळ संपतं. काकांना हरवायला त्यांच्यासारखी बॅट घेणं हा लांबचा रस्ता आहे.

अर्धाकट
(नऊ दिवसांनी)
काल खेळलो. ८-११, ११-९, ११-७, ६-११, ८-११. हरलो, पण दोन गेम आले.

मुठीजवळच्या सर्व्हिसने दुसरा-तिसरा गेम मिळाला. बॉल परत आला की सरळ मारत होतो, वर उडणं बंद झालं. चौथ्यात अचानक तीच बिनस्पिनची सर्व्हिस काकांनी बॅकहँडने लूप करून माझ्या अंगावर घातली. सलग चारदा. पाचव्यात मग पुन्हा जड सर्व्हिसवर गेलो, तर पुशला खरा कट! सरळ मारायला गेलो की नेटमध्ये.

लेफ्टी
बॅट फिरवली त्यांनी. इन्व्हर्टेड बॅकहँडला आणलं. मॅचआधी बॅट बघायला मागितली होती का? नियमाने दाखवावीच लागते.

अर्धाकट
बघितली होती. लाल बाजू पिंपल, काळी इन्व्हर्टेड. पण रॅलीत रंग बघायचं भानच राहत नाही.

जुना चॉपर
म्हणून तर दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे केले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालायच्या, तेव्हा आम्ही आवाजावर जगायचो. काकांच्या पिंपलखाली स्पंज नसेल तर आवाज अजूनही कामाला येतो, कोरडा आणि बारीक येतो. त्यांनी सर्व्हिसच्या आधी बॅट टेबलाखाली नेली की समजा फिरवतायत. मग बॉल त्यांच्या बॅटला लागतो त्या क्षणी फक्त रंग बघा, हात बघूच नका. काळा दिसला तर हातावरून स्पिन वाचायची, लाल दिसला तर स्वतःच्या सर्व्हिसवरून.

अर्धाकट
गुरुवारी पुन्हा आहे. स्पंज १.९ चा मागवलाय, पण तो काकांशी अजून एक मॅच झाल्यावरच लावतो. नाहीतर पुन्हा कळणार नाही कशाने फरक पडला.