फोर-के झालेली कॅसेट आणि गायब झालेलं गोंदण

पाऊसवेडी (मूळ पोस्ट):
आईबाबांच्या १९९४ च्या लग्नाची कॅसेट मागे एका दुकानातून डीव्हीडी करून आणली होती. ती आता ॲपमध्ये टाकून फोर-के केली. मोठ्या टीव्हीवर पणजीचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की आई रडलीच! इतकी वर्षं जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. कॅसेट आता टाकून देतेय, उगाच जागा अडवते. तुम्हीही करून घ्या.

मिक्सिंगवाला:
कॅसेट टाकू नका. बाकीचं पटो न पटो, एवढं ऐका. नव्वदच्या दशकात लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग हाच माझा धंदा होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘दिसत नव्हतं ते दिसायला लागलं’ हे मला मान्य नाही. व्हीएचएसवर एका आडव्या रेघेत एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील असे जेमतेम ३२० ठिपके मावतात. तुमची फाइल ७२० दाखवते, पण ती नुसती पसरलेली आहे. रंगाची गत तर फार वाईट, तो रेघेत पन्नासेक ठिकाणीच बदलू शकतो. म्हणून तर लाल शालूचा रंग शेजारच्याच्या सदऱ्यावर ओघळलेला दिसतो.

आता मांडवाचा लांबून घेतलेला शॉट घ्या. त्यात पणजीचा चेहरा पडद्याच्या रुंदीच्या सोळाव्या भागाएवढा आहे असं धरू. म्हणजे त्या चेहऱ्याला आडवे २० ठिपके उजेडाचे आणि ३ रंगाचे मिळाले. फोर-के टीव्हीवर कॅसेटचं चारास तीन मापाचं चित्र २८८० ठिपके रुंद बसतं, त्यात तोच चेहरा १८० ठिपक्यांचा होतो. आडव्या दर नऊ ठिपक्यांतला एक कॅसेटमधून आला, आठ सॉफ्टवेअरने बनवले. कशावरून बनवले? त्याला शिकवताना दाखवलेल्या हजारो दुसऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून.

एकच विचारतो. पणजीच्या चेहऱ्यावर तीळ, व्रण, गोंदण असं काही होतं का? ते फोर-केमध्ये शोधा.

पाऊसवेडी:
काका, आनंदाने काही लिहिलं की त्यावर पाणी ओतायलाच हवं का? आईला तिची आजी दिसली. तुमच्या ठिपक्यांच्या हिशोबाने तिचं समाधान होणार आहे का?

आणि हो, हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपक्यांचं. आत्ता बघितलं. फोर-केमध्ये नाही. डीव्हीडीत थोडी काळपट छटा तरी आहे. दातही सगळे दिसतायत. आई म्हणते पुढचे दोन या लग्नाआधीच पडले होते. पण डोळे तिचेच आहेत, त्यावर आई ठाम आहे.

मिक्सिंगवाला:
आईंच्या आनंदावर माझं काही म्हणणं नाही. गोंदणाचा एक ठिपका त्या शॉटमध्ये कॅसेटच्या एका ठिपक्याहून लहान. टेपवरची खरखर आणि गोंदण सॉफ्टवेअरला सारखंच दिसतं, ते दोन्ही पुसतं. आणि तोंड उघडं दिसलं की आत दात भरतं, कारण त्याने पाहिलेल्या बहुतेक चेहऱ्यांना दात होते. डोळे ‘तिचेच’ वाटतात कारण ते आईंच्या आठवणीत आहेत. पणजीला कधी न पाहिलेल्या तुमच्या मुलांच्या मनात हाच चेहरा बसेल, म्हणून माझा जीव तुटतो.

गणितप्रेमी:
मिक्सिंगवाले अतिशयोक्ती करतायत. एका चित्रात २० ठिपके असतील, पण व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात. प्रत्येक वेळी चेहरा किंचित सरकतो, म्हणजे दर वेळी थोडी वेगळी माहिती मिळते. ती एकत्र केली की खरा तपशील वाढतो. खगोलशास्त्रात हे रोज करतात. तेव्हा ‘सगळं कल्पनेने भरलंय’ हे साफ चूक.

मिक्सिंगवाला:
अर्धं बरोबर आहे. खरखर कमी होते, हे शंभर टक्के. स्थिर शॉटमधली १६ चित्रं एकावर एक ठेवून सरासरी काढली तर खरखर चौथाईवर येते आणि खाली दबलेलं खरंखुरं वर येतं. उभ्या दिशेलाही फायदा आहे, कारण आपल्याकडचा व्हिडिओ अर्ध्या अर्ध्या रेघांचा, सेकंदाला ५० अर्धी चित्रं.

पण आडव्या दिशेला तुमचं गणित लागू होत नाही. बारीक तपशील टेपवर लिहिण्याआधीच व्हीसीआरने गाळून टाकलेला असतो. तो पहिल्या चित्रात नाही आणि पंचविसाव्यातही नाही. जे कुठेच लिहिलेलं नाही ते बेरजेतून कसं येणार? शिवाय त्या मांडवात पणजी बसून होती का? नातवंडं आडवी येतात, कॅमेरा हलतो, फोटोवाल्याचा फ्लॅश पडतो. एकाच जागी थांबलेली १६ चित्रं मिळायलाही नशीब लागतं.

गणितप्रेमी:
गाळणीचा मुद्दा व्हीएचएसपुरता सोडून देतो. मोबाइलच्या जुन्या क्लिपना तो लागू नाही, हे मात्र लिहायला हवं होतं.

वाशिष्ठीकाठ:
तुम्ही ठिपके मोजत बसा, आमच्याकडे कॅसेटच उरल्या नाहीत. चिपळूणचा पावसाळा, लाकडी कपाट. उघडलं तर प्रत्येक चक्रावर पांढरी भुकटी. एका दुकानदाराने ‘काही होत नाही’ म्हणत तशीच व्हीसीआरमध्ये घातली. चित्र दोन मिनिटांत गेलं, हेड बुरशीने भरलं, आणि त्याच मशीनमध्ये पुढे घातलेल्या आमच्या दोन चांगल्या कॅसेटनाही बुरशी लागली. माझ्या मुंजीचं काहीही शिल्लक नाही. फोर-के कसलं घेऊन बसलात!

मिक्सिंगवाला:
हे वाचून फार वाईट वाटलं. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांच्यासाठी: कॅसेटच्या खिडकीतून चक्राची कड उजेडात धरा. ती गुळगुळीत काळी-तपकिरी दिसली पाहिजे. पांढरे डाग किंवा जाळी दिसली तर कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि टेप बाहेर काढून साफ करणाऱ्यालाच द्या. आणि घाई करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज जी मशीन चालू आहेत ती एकमेकांचे सुटे भाग काढून जगतायत.

वाशिष्ठीकाठ:
साफ करणारा शोधायचा कुठे? कोकणात एक नाव सांगा.

सोसायटी_सचिव:
विषय निघालाच आहे तर विचारतो. पार्किंगच्या कॅमेऱ्यात बाइकचोर दिसतो, पण नंबरप्लेट धूसर आहे. हेच ॲप वापरून नंबर काढता येईल का? पोलिसांना द्यायचाय.

मिक्सिंगवाला:
नंबर ‘निघेल’, पण तो त्या बाइकचा असेलच असं नाही. ३ आहे की ८, हे चार धूसर ठिपक्यांत नसेल तर सॉफ्टवेअर एक निवडून ठळक करून देईल आणि शंकेची खूणही ठेवणार नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लोकांचं ‘पल्स’ नावाचं असंच एक साधन आलं होतं. कुणीतरी त्यात ओबामांचा अगदी बारीक, ठिपकेदार फोटो घातला आणि एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा बाहेर आला. पोलिसांना कॅमेऱ्याची मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून फिरलेली नको.

रीळवेडा:
मग जुने सिनेमे फोर-केमध्ये येतात ते काय, सगळे खोटे? ‘पथेर पांचाली’ची नवी प्रत मी थिएटरात पाहिली आहे. पानावरचं पाणी दिसतं. उगाच तंत्रज्ञानाला शिव्या घालू नका.

मिक्सिंगवाला:
शिव्या कोण घालतंय? ती फिल्म आहे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर तेवढा तपशील पहिल्यापासून असतोच, नव्या स्कॅनने तो फक्त वाचला. त्या सिनेमाच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या, तरी त्यांतलं जे वाचलं त्यातूनच २०१५ ची प्रत झाली, आणि जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रतींतून भाग घेतले. कुणी पान रंगवलं नाही. लग्नाच्या कॅसेटमागे निगेटिव्ह नाही.

रीळवेडा:
बरं, फिल्मचं वेगळं. पण लोकांना रडवण्याइतकं जे चांगलं दिसतं त्याला ‘बनवलेलं’ म्हणून हिणवणं मला पटत नाही, पटणारही नाही.

पाऊसवेडी:
मीही मागे हटत नाहीये. फोर-के ठेवणार, आईला तेच आवडतं. कॅसेट मात्र टाकत नाही. पण काका, आता नेमकं करू काय, ते एकदा सांगा. टीका पुष्कळ झाली.

मिक्सिंगवाला:
ठेवा की. फाइलच्या नावात ‘सुधारित’ लिहा, एवढंच.

आता काम. सगळ्यात मोठा फरक कॅसेट पुन्हा नीट वाजवण्यात आहे. दुकानाच्या डीव्हीडीत चित्र खूप दाबलेलं असतं, हलणाऱ्या गोष्टींभोवती चौकोन दिसतात, आणि सॉफ्टवेअर त्या चौकोनांनाच तपशील समजून धार लावतं. हेड साफ केलेला व्हीसीआर घ्या, एस-व्हिडिओचं तोंड असलेला मिळाला तर उत्तम. रेघा डावी-उजवीकडे थरथरत असतील तर त्या सरळ करणारं टाइम बेस करेक्टर मध्ये लावा. हा फायदा खरा असतो, कारण त्यात नवं काही घातलं जात नाही. व्हिडिओ लाइटखाली पांढरी झालेली कपाळं बघा. कधी टेपवर तपशील असतो आणि दुकानाच्या कॅप्चरने वरचा उजेड छाटलेला असतो. ब्राइटनेस उतरवून पुन्हा घेतलं तर कपाळावरचं कुंकू परत येतं. टेपवरच जळलेलं असेल तर नाही येत.

मग अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करा. हे न करता ॲपमध्ये घातलं की हलत्या हातांना कंगव्यासारखे दात येतात आणि ॲप ते दात कोरून पक्के करतं. त्यासाठी संगणकावर ffmpeg या मोफत प्रोग्रॅमची ही कमांड चालवा:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v ffv1 -c:a copy lagna_50p.mkv
```

हलणारी माणसं पुढे-मागे हिसके देत असतील तर `tff` च्या जागी `bff` करा. १४४० बाय १०८० ठेवलंय कारण मूळ चित्र चारास तीन मापाचं आहे. टीव्ही भरावा म्हणून ताणू नका, नवरी उगाच जाड होते. कॅप्चरची मूळ फाइल lagna.avi मात्र जशीच्या तशी जपा.

आणि एक. तेव्हा आम्ही शूटिंगची मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवायचो, घरच्यांना मिक्सिंग केलेली प्रत द्यायचो. गुलाबाच्या पाकळ्यांत नवरा-नवरी वगैरे असेल तर तुमचीही प्रतच आहे. शूटिंगवाल्याचा पत्ता आईबाबांना विचारा.

गणितप्रेमी:
एकच कॅसेट तीन-चारदा वाजवून त्या कॅप्चरचा मध्यक घ्यावा. टेप वाजवताना दर वेळी जे वेगळं येतं, ती खरखर आणि काही पांढरे फटकारे, ते जातात. हे तरी मान्य आहे ना?

मिक्सिंगवाला:
मान्य. टेपचा लेपच उडालाय तिथले फटकारे दर वेळी येणार, ते जाणार नाहीत. आणि जुनी टेप चारदा घासायची की नाही, ते टेप बघून ठरवेन.

पाऊसवेडी:
पाकळ्या आहेत. बदामही आहे! शूटिंगवाले बाबांच्या ओळखीचे होते, उद्या फोन लावते. नाशिकमध्ये व्हीसीआरचं हेड साफ करून देणारं कुणी माहीत आहे का?