अनुभव धागा: लेबलच्या पानावर पत्ते बसवताना तुमचं काय झालं?

पानपिंपळ

आमच्या वाचकगटाचं त्रैमासिक टपालाने पाठवायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. वर्गणीदार 146. आधी पत्ते हाताने लिहिले जायचे. मी यादी स्प्रेडशीटमध्ये केली आणि ए-4 आकाराची तयार लेबलं आणली. एका पानावर 3 रकाने आणि 7 ओळी, म्हणजे 21 लेबलं. 146 पत्त्यांना 7 पानं पुरतात आणि शेवटी एक लेबल उरतं. हिशेब सोपा वाटला होता.

पहिलं पान छापलं तेव्हा मधली ओळ अगदी जागेवर होती. वरच्या ओळीतले पत्ते मात्र खाली सरकलेले आणि तळाच्या ओळीतले वर चढलेले. तळाच्या लेबलांवर नावाची ओळ थेट कापावर आली होती. वरचा समास वाढवून पाहिला, मग कमी करून पाहिला. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडायचं. यात लेबलची चार पानं गेली. शेवटी कारण सापडलं, ते खाली सांगेन. त्याआधी तुमचे अनुभव वाचायला आवडतील. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं यापेक्षा काय चुकलं आणि ते कसं ओळखलं, हे लिहा.

शाईदौत

प्रिंट करताना `Fit to page` निवडलेलं असणार. ते काढून `Actual size` करा, सगळे प्रश्न सुटतात. माझे सुटले.

कंपोझिटर

शाईदौत यांनी सांगितलेलं कारण इथे बरोबर आहे, पण सगळे प्रश्न त्याने सुटत नाहीत. मी छपाईच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

21 च्या पानाची मापं साधारण अशी असतात: लेबल 63.5 मिमी रुंद, 38.1 मिमी उंच. ओळींमध्ये फट नाही, रकान्यांमध्ये सुमारे 2.5 मिमी. सात ओळींची उंची 266.7 मिमी होते. कागद 297 मिमी, म्हणजे वर आणि खाली 15 मिमीच्या किंचित वर जागा उरते. आता प्रिंटरने पान 97 टक्के केलं असं धरा. मजकूर मध्याकडे आक्रसतो. चौथी ओळ पानाच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे ती हलत नाही. पहिली ओळ मध्यापासून 114 मिमी वर आहे, तिचे 3 टक्के म्हणजे जवळजवळ साडेतीन मिलिमीटर ती खाली येते. सातवी तेवढीच वर जाते. पानपिंपळ यांनी नेमकं हेच पाहिलं. समास बदलून हे सुधारत नाही, कारण समास सगळ्या ओळींना एकाच दिशेने ढकलतो आणि इथे दोन टोकं उलट दिशांना सरकलेली आहेत.

म्हणून मी आधी चूक कुठल्या जातीची आहे ते पाहतो. सगळ्या ओळी सारख्याच सरकल्या असतील तर समास चुकलाय किंवा प्रिंटर कागद थोडा वर-खाली ओढतोय. टोकं चुकली आणि मध्य बरोबर असेल तर छपाईचं प्रमाण बदललंय. पहिली ओळ बरोबर आणि पुढे प्रत्येक ओळीत चूक थोडी थोडी वाढत जात असेल तर एका लेबलच्या माथ्यापासून पुढच्या लेबलच्या माथ्यापर्यंतचं अंतर चुकीचं भरलंय. लिब्रेऑफिसमध्ये लेबलच्या चौकटीत ते `Vertical pitch` म्हणून वेगळं विचारतात. तिथे लोक लेबलची उंची भरतात आणि ओळींत फट असलेल्या पानावर फसतात.

तपासणी कायम साध्या कागदावर करावी. साधा कागद लेबलच्या पानावर ठेवून उजेडासमोर धरला की कापाच्या रेषा पलीकडून दिसतात. लेबलचं पान तोवर हातही लावायचं नाही.

काठपदर

माझं प्रमाण बरोबर होतं, `Actual size` सुद्धा होतं, तरी टोकं चुकायची. तीही चांगली एक सेंटिमीटर. मी 24 लेबलांचं पान आणलं होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये 24 चाच साचा निवडला होता. 3 रकाने, 8 ओळी, आकडे जुळत होते.

नंतर कळलं की 24 ची पानं दोन प्रकारची मिळतात. एकात लेबल 70 बाय 37 मिमी, फट अजिबात नाही, पान जवळजवळ काठोकाठ भरलेलं. दुसऱ्यात 63.5 बाय 33.9, चारी बाजूंना समास सोडलेला. मी दुसरं आणलं आणि साचा पहिल्याचा लावला. मधल्या दोन ओळी बऱ्यापैकी बसायच्या, म्हणून साचा चुकलाय असं डोक्यातच आलं नाही. मी प्रिंटरलाच दोष देत राहिले. आता पाकिटावरचा आकडा पाहून भागत नाही, पट्टी घेऊन एका लेबलची रुंदी मोजते. 70 की साडेत्रेसष्ट, लगेच कळतं.

70 बाय 37 वाल्यांसाठी एक सांगते. त्यात वरच्या ओळीला समास जवळजवळ नसतोच आणि घरच्या बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी काठाशी छापता येत नाही. तिथे लेबलच्या आतच वरून पाच-सहा मिमी जागा सोडावी लागते, नाहीतर पहिल्या ओळीतल्या नावांचे माथे उडतात.

टपालवेडा

मी रोलवर छापणारा छोटा लेबल प्रिंटर घेतला आणि या सगळ्यातून सुटलो. एक पत्ता, एक लेबल. समास नाही, रकाने नाहीत.

पानपिंपळ

टपालवेडा, तो मार्ग चांगला आहे, पण आमच्याकडे वर्षातून चार वेळाच काम असतं, त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायचं नाही. इथे पानावरच्या जाळीचे अनुभव हवे आहेत.

मोरपीस

वर्डमधल्या मेल मर्जचा अनुभव लिहिते. पहिल्यांदा पानावरच्या एकवीसही लेबलांवर एकच पत्ता आला, पुढच्या पानावर दुसरा. दुसऱ्या चौकटीपासून पुढे प्रत्येक चौकटीत सुरुवातीला `«Next Record»` असावं लागतं, ते माझ्या पानावर नव्हतं. पहिली चौकट पूर्ण झाल्यावर `Update Labels` दाबलं की ते आपोआप बसतं. मी ते दाबलंच नव्हतं.

मग ते हाताने घालायला गेले आणि दुसरी चूक केली. दुसरी चौकट चांगली दिसत होती म्हणून तिची प्रत पहिल्या चौकटीतही टाकली. आता पहिल्या चौकटीतही `«Next Record»` आलं. यादीतलं पहिलंच नाव गाळून छपाई सुरू झाली! पुढे तर प्रत्येक पानाच्या सुरुवातीला एक नाव गळत गेलं. सात पानांत सात माणसं. लेबलं दिसायला नीटनेटकी, म्हणून लक्षातही आलं नाही. अंक मिळाला नाही असे फोन आले तेव्हा कळलं, आणि त्या सातही जणांची मी मनापासून माफी मागितली. तेव्हापासून छापण्याआधी दुसऱ्या पानाचं पहिलं लेबल यादीतल्या बाविसाव्या नावाशी ताडून पाहते. ते जुळलं तर मधलं काही गळलेलं नाही.

रानवाट

मोरपीस, बाविसाव्या नावाची युक्ती फार कामाची आहे.

माझं काम पत्त्यांचं नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पाठीवर लावायचे क्रमांक छापते, पण जाळी तीच. अडचण क्रमाची होती. सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे भरतं: 1, 2, 3, मग खालच्या ओळीत 4, 5, 6. मला मात्र एक रकाना वरून खाली संपवून मग दुसरा हवा होता, कारण मी रकान्याची पट्टी कापून घेऊन फळीवरून चालत जाते. भाचीने एक सूत्र करून दिलं. `List` नावाच्या शीटमध्ये A रकान्यात पहिल्या ओळीपासून यादी, वर मथळा नाही. नव्या शीटमध्ये A1 मध्ये हे लिहून तीन रकान्यांत आणि हवं तितकं खाली ओढायचं:

```
=INDEX(List!$A:$A,INT((ROW()-1)/7)*21+(COLUMN()-1)*7+MOD(ROW()-1,7)+1)&""
```

7 म्हणजे ओळी, 21 म्हणजे एका पानावरची लेबलं. आठव्या ओळीत बाविसावं नाव येतं, म्हणजे दुसरं पान तिथून सुरू होतं. शेवटचं `&""` नसेल तर यादी संपल्यावर रिकाम्या लेबलांवर शून्य छापलं जातं. आमची अशी शून्यं छापून झाली आहेत.

कंपोझिटर

सूत्र बरोबर आहे. स्प्रेडशीटमधूनच छापणार असाल तर ओळीची उंची 108 ठेवा. एक्सेल ती पॉइंटमध्ये मोजतं आणि 38.1 मिमी म्हणजे बरोबर 108 पॉइंट. रकान्याची रुंदी नेहमीच्या दृश्यात अक्षरांच्या हिशेबात असते, ती `Page Layout` दृश्यात जाऊन सेंटिमीटरमध्ये भरा. रकान्यांमधल्या फटीसाठी अरुंद रिकामे रकाने घालाल तर सूत्रातला `COLUMN()` चुकेल. त्यापेक्षा फट रकान्याच्या रुंदीतच धरा.

पानपिंपळ

आता माझं पुढचं. `Fit to page` काढल्यावर पहिली दोन पानं उत्तम आली. तिसऱ्या पानावर पाचव्या ओळीपासून सगळं खाली घसरलं आणि सातवी ओळ चौथ्या पानावर गेली. त्या पाचव्या ओळीत एक लांबलचक पत्ता होता, इमारत, विंग, खूण, सगळं मिळून आठ ओळी. वर्डच्या तक्त्यात ओळीची उंची `At least` होती, म्हणून मजकूर वाढला तशी चौकटही वाढली. ती `Exactly` केल्यावर घसरण थांबली. पण मग त्या पत्त्याची शेवटची ओळ दिसेनाशी झाली, आणि पिनकोड तिथेच होता.

अक्षर लहान करून काम भागवलं. देवनागरीत मात्रा आणि उकारांमुळे एक ओळ इंग्रजीपेक्षा जास्त उंची खाते, त्यामुळे 11 च्या अक्षरात सहा ओळींच्या पुढे मी जात नाही. आता यादीतच एक रकाना करून पत्त्याच्या ओळी मोजते. सहापेक्षा जास्त असलेले पत्ते छापण्याआधी बसून आवरते. यंदा असे नऊ निघाले.

शाईदौत

उरलेल्या अर्ध्या पानाचं काय करता? मी यादीच्या सुरुवातीला वापरलेल्या लेबलांइतक्या रिकाम्या नोंदी घालतो. क्रमांकाच्या रकान्यात काहीतरी लिहून ठेवतो, म्हणजे ओळ पूर्ण रिकामी राहत नाही. नऊ लेबलं गेलेली असतील तर दहाव्यापासून छपाई सुरू होते. कागद वाया जात नाही.

कंपोझिटर

इंकजेट असेल तर ठीक. लेझर प्रिंटरमध्ये अर्धं सोललेलं पान पुन्हा घालू नका. आतला रूळ तापलेला असतो. मोकळ्या झालेल्या कडेचं लेबल उचकटून रुळाला चिकटलं तर प्रिंटर उघडावा लागतो.

शाईदौत

लेझरवरच तीन वर्षं करतोय, अजून एकही चिकटलेलं नाही. पूर्ण ओळी संपल्या असतील तरच घालतो, मधूनच सोललेलं पान नाही.

काठपदर

माझं एक चिकटलं होतं, आणि तीही पूर्ण ओळच सोललेली होती. त्यामुळे मी उरलेली लेबलं हाताने लिहायला ठेवते.

एक अजून सुटलेलं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. सलग वीसेक पानं छापली की शेवटची चार-पाच पानं दीड-दोन मिमी खाली येतात. दहा-दहाच्या गठ्ठ्यात छापलं की येत नाहीत. मापं तीच, फाइल तीच.