कागदावर तुम्ही कोण? परदेशस्थांचे अनुभव हवेत

प्रबंधग्रस्त: एम.ए.साठी स्थलांतरितांवर लिहितेय. सणवार आणि मंडळांबद्दल भरपूर वाचलं. मला हवंय ते वेगळं: तिथल्या सरकारनं तुम्हाला कुठल्या खान्यात बसवलं आणि त्याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला?

राइनकाठ: जर्मनीत आहे. 27 जून 2024 पासून इथे नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं पुरतात. भाषा बी-1 पातळीची लागते, शिवाय 33 प्रश्नांची परीक्षा असते, त्यात 17 बरोबर आले की झालं. जुनं नागरिकत्व सोडण्याची अटही काढून टाकली. त्यामुळे आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. मी अर्ज करणार आहे, एकात्म व्हा म्हणून डोक्यावर कोणी बसत नाही.

टपालवाला: अट जर्मनीनं काढली, भारतानं नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 पाहा. स्वेच्छेनं दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, वेगळा अर्ज लागत नाही. नंतर वकिलातीत पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते, काढायचं. जुना पासपोर्ट खिशात ठेवून प्रवास केलात तर दंड बसेल. ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं मिळू शकते. गावी वाटणी बाकी असेल तर सातबाऱ्यावर नाव कसं लागेल ते आधी वकिलाला विचारा. घरचे 'तू आता परदेशी' म्हणतात, ते बहुधा इथूनच सुरू होतं.

राइनकाठ: बापरे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज थांबवतो. बायकोचं मत उलटं आहे, ती म्हणते, राहतोस तिथे मत दे.

मी_बंड्या: माझ्या भाच्याला कॅनडाचा स्टडी व्हिसा हवाय. बँकेत किती पैसे दाखवावे लागतात?

प्रबंधग्रस्त: दादा, तो विषय वेगळा, नवा धागा काढा ना.

चांगीची_सून: सिंगापूरचं सांगते, इथे खाना अगदी छापील असतो. चिनी, मलाय, भारतीय आणि इतर, असे चार वंश ओळखपत्रावर. बहुसांस्कृतिकता म्हटलं की लोकांना मोकळीक आठवते, इथे ती मोजूनमापून राखलेली आहे. 1989 पासून सरकारी फ्लॅटच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये वंशवार मर्यादा आहे, म्हणजे वेगळ्या वस्त्या तयार होऊ नयेत. हेतू मला पटतो. आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा मात्र ब्लॉकमधला चिनी कोटा भरलेला होता. चिनी माणूस चिनी माणसाकडून घेऊ शकतो, कारण त्यात आकडा बदलत नाही. आमच्याकडून घेतला तर आकडा वाढतो, म्हणून परवानगी नाही. दोन चांगली गिऱ्हाइकं दारातून परत गेली. ज्यांचा कोटा शिल्लक होता अशी गिऱ्हाइकं थोडी, त्यांनाही हे ठाऊक, मग भाव पाडून मागणारच.

दुसरा खाना शाळेतला. 'मातृभाषा' हा सक्तीचा विषय असतो. भारतीय मुलांसाठी तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी यादीतच नाही. म्हणून माझी लेक शाळेच्या कागदावर हिंदीभाषक. तिच्या मातृभाषेच्या गृहपाठाला मला शब्दकोश काढून बसावं लागायचं, आता बोला! घरी ती आजीशी मराठीत भांडते, मैत्रिणींत सिंगापुरी इंग्रजी फाडते. तिला यात काही खटकत नाही, मला खटकतं.

प्रबंधग्रस्त: म्हणजे 'भारतीय' खान्यातही एक निवड झालीच.

चांगीची_सून: हो, पण तमिळ लोक कधीपासून इथे आहेत ते बघा. चार अधिकृत भाषांत त्यांची भाषा आहे, ती त्यांनी कमावलीय. तीन वर्षांपूर्वी आलेल्या माणसानं तीच मागणी करावी का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

टपालवाला: मॉरिशसचं टोक उलटं. तिथे 1834 नंतर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आहेत, त्यांत मराठी कुटुंबंही. घरी बहुतेक क्रिओल बोलतात, तरी मराठी शाळेत विषय म्हणून मिळते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. भारतानं 2024 मध्ये तिथल्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआयचं दार उघडलं. भाषा घरातून गेली तरी शाळेत टिकली, इकडे सिंगापुरात घरात आहे आणि शाळेत नाही. यातला 'अधिक मराठी' कोण, ते तुम्ही लिहा.

मी_बंड्या: बरं, पण ओसीआयवाल्याला गावची जमीन विकता येते का? भाच्याच्या बापाची अडीच एकर आहे.

टपालवाला: तो अजून व्हिसाच मागतोय ना?