मदत हवी आहे: प्रोटीन वाढवलं आणि पोट साफ होणं बंद झालं (आठवड्यात चार दिवस प्रवास)

फिरता_कोल्हापूरकर:
लाजत लाजत लिहितोय. वय ३४, फाउंड्रीच्या कास्टिंगची विक्री बघतो. सोमवार ते गुरुवार पुणे, सोलापूर, बेळगाव अशी गाडीनं फिरती. दीड महिन्यापूर्वी जिम लावली. ट्रेनर म्हणाला, रोज १२० ग्रॅम प्रोटीन पाहिजे आणि भाकरी-भात कमी. मी भाकरी बंदच केली.

सध्याचं खाणं असं: पहाटे पाण्यात एक स्कूप व्हे आणि चार उकडलेली अंडी. दुपारी हायवेवर नुसतं चिकन किंवा पनीर. रात्री परत चिकन आणि अर्धी वाटी भात. पाणी दिवसाला सव्वा-दीड लिटर, कारण गाडी सारखी थांबवायला नको वाटते.

आता तीन-तीन दिवस होत नाही आणि झालं तर शेळीच्या लेंड्यांसारखं. गेल्या आठवड्यात मेडिकलमधून इसबगोल आणला. रात्री दोन मोठे चमचे अर्धा कप गरम दुधातून घेतले, तर पोट आणखीच गच्च, फुगलेलं. व्हे बंद करू का?

तांबडा_पांढरा:
भावा, मिसळ चार दिवस बंद कर आणि दहीभात खा, जुलाब आपोआप थांबतील. मला कट मानवत नाही, दर रविवारी हेच.

फिरता_कोल्हापूरकर:
दादा, उलटं आहे. थांबलेलंच सुरू व्हायला पाहिजे.

तांबडा_पांढरा:
अरे हो की! घाईत वाचलं. मग मिसळच खा. 😄

जुना_पैलवान:
प्रोटीन म्हणजे उष्णता, ते आधी सोडा. आम्ही तालमीत होतो तेव्हा बदाम, तूप आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, एवढंच. आता मी रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतो. वीस वर्षं झाली, सकाळी घड्याळ लावल्यासारखं होतं.

हिरवी_मिरची (आहारतज्ज्ञ):
काका, तुमच्या तालमीतल्या ताटात दूध-बदामाबरोबर भाकऱ्याही असणार की! तिथंच मेख आहे.

फिरते दादा, दोष प्रोटीनचा नाही, त्यानं ताटातून जे हुसकावलं त्याचा आहे. अंडी, चिकन, पनीर, व्हे यांत चोथा जवळजवळ शून्य. तुम्ही पूर्वी दिवसाला दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि एखादा पेरू खात असाल, तर ढोबळमानानं २० ग्रॅम चोथा तिथूनच मिळत होता. दिवसाची गरज २५-३० ग्रॅमच्या पुढची. तुमच्या आताच्या यादीत पाचसुद्धा भरत नाही. मोठ्या आतड्यात मळ जितका रेंगाळतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं, म्हणून लेंड्या.

इसबगोलाची चूक सांगते. तो पाणी पिऊन फुगतो. दोन मोठे चमचे आणि अर्धा कप दूध म्हणजे सिमेंटमध्ये पाणी कमी घातल्यासारखं झालं. सध्या थांबवा. आधी चार-पाच दिवस जेवणातला चोथा वाढवा, तोही हळूहळू, नाहीतर गॅसनं हैराण व्हाल. दुपारी एक भाकरी परत आणा. चिकन थोडं कमी करून त्या जागी उसळ घ्या, म्हणजे प्रोटीनही फार घटणार नाही. गाडीत दोन पेरू ठेवा. मग गरज वाटली तर इसबगोल एक छोटा चमचा, पूर्ण पेला पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि त्यावर आणखी एक पेला पाणी. घट्ट होऊ द्यायचा नाही, घशात अडकू शकतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

दोन प्रश्न: पहाटे किती वाजता निघता? आणि एखादी गोळी सुरू आहे का? लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची?

फिरता_कोल्हापूरकर:
साडेपाचला निघतो. कळ येते ती सातच्या सुमारास, साताऱ्याच्या अलीकडे. पेट्रोल पंपावरचं शौचालय बघून दाबून धरतो.
ट्रेनरनं मल्टिव्हिटॅमिन दिलंय. आत्ता डबी बघितली, त्यात लोह आहे! आणि परवा कागदावर लाल रेघ दिसली, एकदाच.

हिरवी_मिरची:
लाल रेघेसाठी आधी डॉक्टरांना दाखवा. कडक मळानं चीर पडते, बहुधा तेच असेल, पण ते इथं बसून ठरवायचं नाही. लोहाची गरज आहे का, हेही त्यांनाच विचारा. काळपट शौच, आपोआप घटणारं वजन, किंवा पोट फुगून उलटी होणं आणि वाराही न सरणं यातलं काही असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

आता कळेचं. पोटात काही पडलं की मोठं आतडं हलतं आणि हे सकाळी जास्त जोरात होतं. तुमची अंडी पहाटे पोटात जातात, आतडं निरोप देतं आणि तुम्ही तेव्हा हायवेवर. रोज दाबलं की तो निरोप मंदावतो. पाऊण तास लवकर उठा. कोमट पाणी, नाश्ता, मग पंधरा-वीस मिनिटांनी बसा. मोबाईल बाहेर, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, कुंथायचं नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत.

एसटीची_पासधारक:
माझंही ऐका. मी शिक्षिका, रोज कोल्हापूर-गडहिंग्लज. स्टँडवरच्या शौचालयांमुळे मी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. चोथा भरपूर खाते, तरी त्रास आहेच. पाणी प्या म्हणणाऱ्यांनी बायकांसाठी जागा कुठे ते पण सांगावं.

हिरवी_मिरची:
ताई, तुमचं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. उठल्यावर दोन पेले घ्या, शाळेत पोहोचल्या पोहोचल्या दोन, आणि घरी आल्यावर उरलेलं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. चोथा जास्त आणि पाणी कमी, हे तुमच्या बाबतीत उलटंच पडतंय.

जुना_पैलवान:
म्हणजे माझं चूर्ण वाईट?

हिरवी_मिरची:
काका, अडल्या दिवशी घ्यायला हरकत नाही. पण ते आतड्याला चिमटा काढून हलवतं, चोथ्याची जागा भरत नाही. वीस वर्षांचं एकदम सोडूही नका. डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा.

जुना_पैलवान:
बघू. सूनबाईपण हेच म्हणते.

फिरता_कोल्हापूरकर (बारा दिवसांनी):
डॉक्टरांना दाखवलं. छोटी चीर निघाली. कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं आणि लोहाची गरज नाही म्हणून ती गोळी बंद केली. व्हे सुरूच आहे. रोज एक भाकरी, एक वाटी उसळ, दोन पेरू. पाणी अडीच लिटर, त्यातलं बरंचसं मुक्कामी पोहोचल्यावर. पहिले चार दिवस गॅसनं गाडीत एकटा होतो तेच बरं. सहाव्या दिवसापासून घरी असलो की रोज होतं, मऊ. इसबगोलाची वेळच आली नाही.

पण भाकरीनं झालं की गोळी बंद केल्यानं, कळायला मार्ग नाही, दोन्ही एकदमच केलं. आणि पुण्यातल्या लॉजवर अजूनही पहिल्या दिवशी होत नाही. तिथं कमोड उंच आहे, पाट कुठून आणू?

तांबडा_पांढरा:
लॅपटॉपची बॅग घे की पायाखाली. लॅपटॉप काढून घे पण आधी.