मदत हवी आहे: पुट विकून हेज म्हणून लांबचा पुट घेतला तर मार्जिन किती उतरतं आणि परतावा कशावर काढायचा?

कोरापट: आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. इंडेक्स २०,०००, लॉट ५०, एक्सपायरीला महिना बाकी. १९,५०० चा पुट ९० ला विकला तर ४,५०० येतात आणि मार्जिन १,००,००० लागतं. त्याच महिन्याचा १८,५०० चा पुट २२ ला घेतला की मार्जिन ४२,००० वर येतं. प्रीमियमचे १,१०० गेले, हातात ३,४००. म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांवरून थेट ८.१ टक्के. इतकं सोपं आहे, की मी काही विसरतोय?

बिनघाई: सोपंच आहे. हेज जितका लांब तितका स्वस्त, म्हणून मी तर १६,००० चा घेईन. तीन रुपयांत काम होतं.

ताळेबंद: स्वस्त पडेल, पण काम होणार नाही. मार्जिन काढताना भाव ठरावीक टक्के वर-खाली गेला आणि अस्थिरता बदलली तर पूर्ण पोझिशनला किती तोटा होईल, हे पाहिलं जातं. त्या पट्ट्यात १८,५०० चा पुट चांगला फुगतो आणि विकलेल्या पुटचा तोटा बराच भरून काढतो. १६,००० चा पुट पट्ट्याच्या फार बाहेर असल्याने जेमतेम हलतो, त्यामुळे मार्जिनही जेमतेम उतरतं. ऑर्डर टाकण्याआधी दोन्ही लेग बास्केटमध्ये ठेवून तीन-चार स्ट्राइक बदलून बघा. हेज जसजसा लांब न्याल तसं मार्जिन वाढत जातं. प्रीमियम किती वाचतो आणि मार्जिन किती वाढतं, हे ताडून मग स्ट्राइक ठरवा.

कोरापट, तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. हेजचे १,१०० सुद्धा तुमच्याच खिशातून अडकतात. म्हणून ३,४०० ÷ (४२,००० + १,१००) = ७.९ टक्के. त्यातून दोन्ही लेगची दलाली आणि कर वजा करा.

सांजवात: लांबचा म्हणजे पुढच्या महिन्याचा ना? तो तर महाग पडेल.

ताळेबंद: इथे लांबचा म्हणजे लांबच्या स्ट्राइकचा, एक्सपायरी तीच. पुढच्या महिन्याचा घेतला तर तो कॅलेंडर होतो, त्याचं गणित वेगळं.

सांजवात: अच्छा. मी उलटं केलं होतं. विकलेला पुट महिन्याचा आणि हेज स्वस्त म्हणून आठवड्याचा. मार्जिन कमी दिसत होतं, पण हेजची एक्सपायरी आली आणि खात्यात तुटवडा दिसायला लागला.

ताळेबंद: तसंच होणार. हेज संपला की उरतो तो उघडा पुट, आणि त्याला पूर्ण मार्जिन लागतं. बाहेर पडतानाही हीच गफलत होते. हेज आधी विकला की मधल्या मिनिटात ४२ हजारांचे लाख होतात. आत जाताना आधी खरेदी, मग विक्री. बाहेर येताना विकलेला पुट आधी परत घ्यायचा, हेज शेवटी.

कोरापट: समजलं. म्हणजे लाखात आता दोन लॉट बसतात: ८६,२०० अडकले, प्रीमियम ६,८००. उघड्या एका लॉटपेक्षा जास्तच!

ताळेबंद: खरी मेख इथेच आहे. दोन स्ट्राइकमधलं अंतर १,०००, त्यातून निव्वळ प्रीमियम ६८ वजा, म्हणजे लॉटमागे जास्तीत जास्त तोटा ९३२ × ५० = ४६,६००. दोन लॉटचे ९३,२००. इंडेक्स १८,५०० वर एक्सपायर झाला तर उघड्या एका लॉटचा तोटा ४५,५०० आणि तुमचा दुपटीहून जास्त. साधारण १७,५४६ च्या खाली गेला तरच तुम्ही त्याच्यापेक्षा बरे. मार्जिन कमी झालं म्हणून लॉट वाढवलेत, तर मधल्या पडझडीत हेज असूनही जास्त मार खाल. लॉट एकच ठेवा, उरलेली रक्कम मोकळी ठेवा; हेजचा फायदा तेव्हाच दिसतो.

बिनघाई: मग भागाकार मार्जिनने कशाला? कमाल तोट्याने करा. ३,४०० ÷ ४६,६०० = ७.३ टक्के. मार्जिन रोज बदलतं, हा आकडा बदलत नाही.

ताळेबंद: दोन वेगवेगळ्या हेजची तुलना करायला तुमचा आकडा बरा, हे मान्य. पण उघड्या पुटशी तुलना करायची तर त्याचा कमाल तोटा काय धरणार, शून्यापर्यंतचा? आणि पैसे किती अडकतात हे मार्जिनच सांगतं. फक्त पहिल्या दिवसाचं न धरता त्या महिन्यातलं सर्वांत जास्त मार्जिन धरा. बाजार आपटला की तेच वाढतं.

कोरापट: सर्वांत जास्त किती होईल हे आधी कसं धरायचं?

बिनघाई: म्हणूनच म्हणतोय, कमाल तोटा धरा.

ताळेबंद: उघड्या पुटला ते आधी नेमकं सांगता येत नाही. तुमच्या स्प्रेडला मात्र ढोबळ अंदाज म्हणून अंतर × लॉट, म्हणजे ५०,००० धरून चाला. त्यावर ३,४०० म्हणजे ६.८ टक्के.