ऑफिसच्या पॅन्ट्रीत सुकट गरम करावी का?

अर्पिता, संभाजीनगर:
आमच्या ऑफिसात पस्तीस माणसं. पॅन्ट्री दहा बाय आठची, एकच मायक्रोवेव्ह, स्प्लिट एसी. एक जण आठवड्यातून दोनदा सुकटीची चटणी आणतात. ती गरम झाली की संध्याकाळपर्यंत वास जात नाही. काही जण म्हणतात, ऑफिसात मांसाहारच बंद करा. मला ते पटत नाही, पण वासाचं काय करायचं?

गजानन, वाळूज:
बंदच करा. पस्तीस जणांनी एकाच्या डब्यापायी का सोसायचं? तोवर एसी फुल्ल करा आणि रूम फ्रेशनर मारा.

मंगलताई, लातूर:
का बरं बंद? मुळ्याची भाजी अन् लसणाचा ठेचा गरम केला तरी वास सुटतोच की! त्याला कुणी बंदी मागायलंय का? तक्रार वासाची असेल तर नियमही वासाचाच करा. कुणाच्या ताटात काय आहे, हे ठरवणारे आपण कोण?

सुधीर, नांदेड (कॅन्टीनच्या कामात):
गजाननराव, स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. त्यामुळे वास जात नाही, उलट सगळीकडे पसरतो. फ्रेशनर मारला की सुकट आणि मोगरा दोन्ही एकदम येतात. हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट फॅनच लागतो. तोही दारखिडकी सगळी बंद असेल तर नुसता गरगरतो, कारण बाहेर गेलेल्या हवेच्या जागी यायला हवा नसते. म्हणून दाराखाली फट ठेवा.

आता मूळ मुद्दा. सुकटीची चटणी कोरडी असते, तोंडी लावायची. ती गरम करायची गरजच काय? पदार्थ जितका तापेल तितका वास उडतो. वर मायक्रोवेव्हचा पंखा आतली वाफ थेट खोलीत सोडतो. गरम फक्त भाकरी करावी. तिच्यावर पाण्याचा हबका मारून ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, वीस-पंचवीस सेकंद पुरे. जास्त ठेवली तर वातड होते. चटणीचा डबा जेवायला बसल्यावर उघडा आणि खाणं झालं की लगेच झाका.

वास संध्याकाळपर्यंत का राहतो, हेही तपासा. कपभर साधं पाणी मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं तापवून दार उघडा. वास आला तर आतल्या छताला उडालेलं तेल चिकटलेलं आहे, आणि पुढच्या प्रत्येक डब्याबरोबर तेच पुन्हा तापतंय. नाही आला तर कचऱ्याचा डबा आणि सिंकची जाळी बघा. खरकटं बांधलेल्या पिशवीत जाऊन जेवणानंतर लगेच बाहेर गेलं पाहिजे.

छत चिकट असेल तर काचेच्या भांड्यात कपभर पाणी, अर्ध्या लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी काडी टाकून तीन मिनिटं उकळा. काडी नसली तर पाणी कधी कधी एकदम उसळतं. मग पाच मिनिटं दार न उघडता ठेवा आणि पुसून घ्या. लिंबाच्या आंबटपणाने माशाचा वास बराच दबतो. लसणाच्या वासावर मात्र तो फारसा चालत नाही, तिथे पुसणंच कामाला येतं.

रफिक, परभणी:
आमची रात्रपाळी असते. खलिया फ्रीजमधून काढून खावा लागतो. थंड खा म्हणता का?

सुधीर, नांदेड:
नाही रफिकभाई, मी फक्त कोरड्या चटणीचं म्हणालो. फ्रीजमधला रस्सा आतपर्यंत वाफाळला पाहिजे, नुसता कोमट करणं धोक्याचं. काचेच्या भांड्यात काढा, सैल झाकण ठेवा, मध्यम पॉवरवर दोन मिनिटं तापवा, ढवळा, पुन्हा दीड मिनिट. फुल्ल पॉवरवर वरची तर्री आधी तापून उडते आणि मधला मटणाचा तुकडा थंडच राहतो. बंद झाल्यावर मिनिटभर थांबून मगच झाकण काढा.

घरून ताजा रस्सा आणायचा तर थर्मासचा डबा बरा. आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओता, मग उकळता रस्सा काठोकाठ भरा. अर्धा भरला तर लवकर निवतो. दुपारी उघडल्यावर वाफ दिसली नाही तर नीट उकळी येईपर्यंत पुन्हा गरम करता येईल तिथेच खा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

गजानन, वाळूज:
एसीचं पटलं. पण ज्यांना माशाच्या वासाने मळमळतं त्यांनी कुठं बसायचं? दुसरा मायक्रोवेव्ह घ्या, मांसाहारी डब्यांसाठी वेगळा.

मंगलताई, लातूर:
वेगळा म्हणजे हळूहळू टेबलही वेगळं होणार. त्यापेक्षा तेवढ्या पैशात एक्झॉस्ट फॅन बसवा. मळमळतं त्यांना दाराजवळची जागा द्या, अन् उग्र डबे शेवटच्या पंधरा मिनिटांत गरम करा.

अर्पिता, संभाजीनगर:
आत्ताच पाण्याची चाचणी केली. मायक्रोवेव्हमध्ये वास नाही. सिंकच्या जाळीत मात्र तीन दिवसांचं खरकटं होतं. दुसऱ्या मायक्रोवेव्हचं सोमवारच्या बैठकीत मांडते.