मदत हवी आहे: हीट व्हीलचा इफेक्टिव्हनेस 75 टक्के असूनही आत येणारी हवा 33 अंशांवरच का?

पूर्वरंग (धागाकर्ता)

नागपुरातील एका प्रशिक्षण केंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेची देखभाल माझ्याकडे आहे. यंदा तेथे बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेचा थंडावा आत येणाऱ्या ताज्या हवेला मिळावा म्हणून फिरते हीट व्हील बसवले असून, त्याच्या माहितीपत्रकात इफेक्टिव्हनेस 75 टक्के दिला आहे. मे महिन्यातील एका दुपारी घेतलेली मोजमापे अशी: बाहेरची हवा 43 अंश सेल्सिअस, खोल्यांतून परत येणारी हवा 25 अंश, व्हीलमधून आत जाणारी ताजी हवा 33 अंश आणि व्हीलमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट हवा 39.5 अंश. ताजी हवा 3000 सीएफएम आणि एक्झॉस्ट 2000 सीएफएम आहे. स्वच्छतागृहांची हवा वेगळ्या पंख्याने बाहेर जाते आणि इमारतीत थोडा दाब राहावा अशी मूळ योजना असल्यामुळे हे दोन आकडे समान नाहीत.

माझा हिशेब सरळ आहे. 43 आणि 25 यांतील फरक 18 अंश, त्याचे 75 टक्के 13.5, म्हणजे ताजी हवा 29.5 अंशांवर यायला हवी. ती साडेतीन अंशांनी अधिक गरम असल्यामुळे व्यवस्थापन ठेकेदाराचे शेवटचे बिल अडवण्याच्या विचारात आहे. व्हील खरोखरच सदोष आहे का, हे मला लेखी कळवायचे आहे.

टोरांटोकर

आमच्या घरातील यंत्रात जानेवारीत बर्फ धरतो आणि ते काही मिनिटे आपोआप बंद पडते. आपल्याकडेही असेच होत असेल, तर तपमान घसरण्यापूर्वी बाहेरची हवा थोडी तापवून घ्यावी.

पूर्वरंग

आपण सुचवलेत याबद्दल आभार, पण आमच्याकडे अडचण 43 अंशांची आहे. बर्फ धरण्याचा प्रश्न येत नाही.

शीतयंत्र

केवळ तपमानावरून हिशेब करणे चुकीचे आहे. हे व्हील बाष्पही हस्तांतरित करते, त्यामुळे एकूण उष्णतेचाच विचार करावा. शिवाय व्हीलची गती वाढवून पाहावी. जितके वेगाने फिरेल तितकी अधिक उष्णता जाईल.

जुना_फिटर

आधी बेल्ट पाहावा. आमच्या कारखान्यात मोटर फिरत होती, पण बेल्ट घसरत असल्यामुळे व्हील जागच्या जागी उभे होते आणि ते तीन आठवडे कोणाच्याही लक्षात आले नाही. कडेला रंगीत पट्टी चिकटवून एका मिनिटातील फेरे मोजावेत.

वातगणक

बेल्ट जरूर पाहावा, परंतु व्हील बंद असते तर ताजी हवा 43 अंशांच्या जवळपासच राहिली असती, त्यामुळे येथे ते कारण दिसत नाही.

मूळ घोटाळा हिशेबात आहे. इफेक्टिव्हनेस म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली उष्णता भागिले जास्तीत जास्त मिळू शकणारी उष्णता, आणि ही जास्तीत जास्त मर्यादा नेहमी कमी प्रवाहाची बाजू ठरवते. आपल्या 2000 सीएफएम एक्झॉस्टला फार तर 25 पासून 43 अंशांपर्यंत, म्हणजे 18 अंश तापता येईल. तेवढीच उष्णता 3000 सीएफएम ताज्या हवेतून काढली, तर ती हवा 18 गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे 12 अंशांनीच थंड होईल. याचा अर्थ असा की जगातील सर्वोत्तम व्हील बसवले तरी आपली ताजी हवा 31 अंशांच्या खाली येणार नाही. 29.5 हा आकडा अशक्य कोटीतला आहे, आणि त्या आधारावर बिल अडवणे ठेकेदारावर अन्यायाचे ठरेल.

आपल्याकडे 12 पैकी 10 अंश मिळाले, म्हणजे इफेक्टिव्हनेस 83 टक्के. माहितीपत्रकातील 75 टक्के दोन्ही बाजूंचे प्रवाह 3000 असे समान धरून दिलेले असतील, तर एक्झॉस्ट 2000 वर आल्यावर इफेक्टिव्हनेस वाढतोच. माझ्या गणितानुसार तो 91 टक्क्यांच्या आसपास आणि ताजी हवा 32 अंशांवर असावी. म्हणजे खरी तूट साडेतीन अंशांची नसून सुमारे एका अंशाची आहे. दुसऱ्या बाजूची पडताळणीही करून पाहिली: ताज्या हवेने 10 अंश गमावले, तर एक्झॉस्टने 15 अंश मिळवून 40 वर जायला हवे. आपण 39.5 मोजले आहे, त्यामुळे मोजमापांवर विश्वास ठेवता येतो.

शीतयंत्र यांचे बाष्पाबद्दलचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण मे महिन्यातील नागपूर कोरडे असते. 43 अंशांना वेट बल्ब 23 च्या आसपास असेल, तर बाहेरच्या हवेतील बाष्प 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीइतकेच, किंबहुना किंचित कमी भरते. फरकच नसताना बाष्पाचा इफेक्टिव्हनेस काढणे म्हणजे शून्याजवळच्या संख्येने भागणे होय. ती चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी.

पूर्वरंग

31 अंशांची मर्यादा माझ्या ध्यानात आलीच नव्हती. पट्टी लावून मोजले, मिनिटाला 14 फेरे भरतात. माहितीपत्रकात 20 लिहिले आहेत.

शीतयंत्र

मग हेच कारण. गती 20 वर न्यावी.

वातगणक

14 फेऱ्यांनी तपमानाच्या इफेक्टिव्हनेसमध्ये जाणवण्याजोगी घट होत नाही. फेरे पाचच्या खाली गेल्यावर ती झपाट्याने होते. बाष्पावर मात्र परिणाम लवकर दिसतो. उलट गती वाढवली, की व्हीलच्या बारीक नळ्यांत अडकलेली बाहेर टाकायची हवा अधिक प्रमाणात पुन्हा आत येते. म्हणून आधी एक चाचणी करावी: बाहेरची, परतीची आणि आत जाणारी अशा तीनही हवांतील कार्बन डायऑक्साइड वर्ग भरलेले असताना मोजावा. पंखे व्हीलच्या कोणत्या बाजूला आहेत तेही कळवावे.

पूर्वरंग

बाहेर 430, परतीच्या हवेत 890 आणि आत जाणाऱ्या हवेत 476 पीपीएम. ताज्या हवेचा पंखा व्हीलनंतर आहे, तर एक्झॉस्टचा पंखा व्हीलच्या आधी आहे.

वातगणक

46 भागिले 460, म्हणजे आत जाणाऱ्या हवेत 10 टक्के वापरलेलीच हवा आहे. आपण 3000 सीएफएम मोजता, पण खरी ताजी हवा 2700 आहे. शिवाय 25 अंशांची ही हवा मिसळल्यामुळे 33 हा आकडाही फसवा ठरतो. उरलेली हवा सुमारे 33.9 अंशांवर असणार.

यात पंख्यांच्या मांडणीचा वाटा मोठा दिसतो. एक्झॉस्टचा पंखा परतीची हवा व्हीलमध्ये ढकलतो आणि ताज्या हवेचा पंखा पलीकडून ओढतो, त्यामुळे सील थोडे जरी ढिले असले तरी हवा चुकीच्या दिशेने गळते. व्हीलला पर्ज भाग असला, तरी अशा दाबात तो नीट काम करीत नाही. व्यवस्थापनाला हरकत घ्यायचीच असेल तर ती तपमानावर नव्हे, या गळतीवर घ्यावी.

जुना_फिटर

मधल्या पट्टीचे ब्रश सील कागदाने तपासावेत. व्हील थांबवून कागद सरकवला आणि तो मोकळा फिरला, तर सील बदलायलाच हवे.

शीतयंत्र

मग स्वच्छतागृहांची हवाही याच व्हीलमधून घेतली, तर दोन्ही प्रवाह समान होऊन ताजी हवा आणखी थंड होईल.

वातगणक

तपमान नक्की उतरेल, पण 10 टक्के गळती असताना ती हवा वर्गांत येईल. माझा या सूचनेला विरोध आहे.

पूर्वरंग

डावीकडील सीलखालून कागद सहज गेला. ते बदलून देण्यास ठेकेदार तयार आहे. एक्झॉस्टचा पंखा व्हीलपलीकडे हलवणे करारात नाही, असे त्याचे म्हणणे आहे. सील बदलल्यावर तीनही ठिकाणचा कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोजून येथे लिहीन. पंखा न हलवता परतीच्या बाजूचा दाब डॅम्परने कमी करण्याचा कोणाला अनुभव असल्यास, त्यामुळे एक्झॉस्टचा प्रवाह किती घटला हे कृपया सांगावे.